मोबाइलवर पैठणीचा पदर धूसर का दिसतो?

प्रश्न: पैठणला आमचं पैठणीचं दुकान आहे, वेबसाइट मीच सांभाळते. साड्यांचे फोटो लॅपटॉपवर एकदम स्वच्छ दिसतात, पण मोबाइलवर धूसर. मोठे फोटो टाकून पाहिले तर पेज उघडायलाच वेळ लागतो. दोन्ही कसं जमवायचं?

उत्तर: मी संभाजीनगरात वेबसाइटची कामं करतो आणि त्यात साडीची दुकानं बरीच आहेत. तुमचं वर्णन वाचून वाटतं की तुमचे फोटो साधारण ४०० पिक्सेल रुंदीचे असावेत. तसं धरूनच सांगतो. आकडे वेगळे असले तरी हिशोब हाच.

लॅपटॉपवर तुमच्या पेजवर फोटोसाठी ४०० पिक्सेलची जागा आहे आणि फोटोही ४०० चाच. साध्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर फोटोतला एक पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका, म्हणून चित्र स्वच्छ दिसतं. मोबाइलचं गणित निराळं आहे. तुमच्या फोनच्या स्क्रीनवर आडवे १०८० ठिपके असतात, पण ब्राउझर पेज मांडताना स्क्रीन ३६० रुंद आहे असंच धरतो, नाहीतर अक्षरं मुंगीएवढी दिसली असती. म्हणजे पेजवरच्या एका पिक्सेलच्या जागेत आडवे तीन ठिपके. दोन्ही बाजूंना १६-१६ ची मोकळी जागा सोडली तर फोटोला ३२८ मिळतात, आणि तेवढ्या जागेत प्रत्यक्षात ९८४ ठिपके भरायचे असतात. हातात आहेत ४०० पिक्सेल. मग एक पिक्सेल अडीच ठिपक्यांवर ताणला जातो. तुमच्या फोनचा हा आकडा किती आहे ते, फोन लॅपटॉपला जोडून त्याच्या ब्राउझरच्या कन्सोलमध्ये `window.devicePixelRatio` लिहिलं की कळतं. स्वस्तातल्या फोनवर २ येतो, बऱ्याच फोनवर ३ किंवा २.६२५ असा मधलाच.

पैठणीला हे जास्त जाचतं. पदराच्या पूर्ण फोटोत बांगडी मोराची एक नक्षी रुंदीच्या आठव्या हिश्शात बसत असेल, तर त्या अख्ख्या मोराला ५० पिक्सेल मिळाले. त्याच्या डोळ्याला जेमतेम दोन-तीन. ते ताणल्यावर डोळा उरत नाही, जरीवर एक डाग उरतो. गिऱ्हाईक नेमकं तिथंच बोटांनी मोठं करून बघतं.

आता तुम्ही केलेला दुसरा प्रयोग, मोठे फोटो टाकण्याचा. कॅमेऱ्यातला मूळ फोटो ४००० बाय ३००० चा असतो. फाइल चार-पाच एमबीची असली तरी दाखवण्यासाठी ती उलगडावी लागते, आणि उलगडल्यावर एकेका पिक्सेलला चार बाइट म्हणजे ४८ एमबी मेमरी जाते. एका पेजवर असे वीस फोटो टाकले की डेटा तर जातोच, पण चांगल्या नेटवरही फोन अडखळायला लागतो.

यातून वाट अशी की एकाच फोटोच्या तीन-चार मापांच्या फाइली करून ठेवायच्या आणि कोणती घ्यायची ते ब्राउझरवर सोपवायचं. तुमच्यासाठी मी ४००, ६६०, ८०० आणि १००० रुंदीच्या चार फाइली करीन. ही मापं अंदाजपंचे घेतलेली नाहीत. साध्या लॅपटॉपला ४०० लागतात. दुप्पट ठिपक्यांच्या फोनला ३२८ गुणिले २ म्हणजे ६५६. दुप्पट ठिपक्यांच्या लॅपटॉपला ८००. तिप्पटच्या फोनला ९८४.

```html
<img src="padar-660.jpg"
  srcset="padar-400.jpg 400w,
          padar-660.jpg 660w,
          padar-800.jpg 800w,
          padar-1000.jpg 1000w"
  sizes="(min-width: 900px) 400px,
         calc(100vw - 32px)"
  width="660" height="495"
  alt="बांगडी मोराचा पदर, नारळी काठ">
```

यात `400w` म्हणजे "या फाइलची खरी रुंदी ४०० आहे" एवढीच माहिती. खरी मेख `sizes` मध्ये आहे आणि बहुतेकांची चूक तिथंच होते. फोटो मागवायची घाई ब्राउझरला इतकी असते की पेजची मांडणी ठरायच्या आधीच तो फाइल निवडतो. फोटो पानावर किती रुंद दिसणार आहे हे त्याला तेव्हा माहीतच नसतं, ते आपण सांगायचं असतं. वरच्या ओळीचा अर्थ असा: स्क्रीन ९०० किंवा त्याहून रुंद असेल तर फोटो ४०० रुंद दिसेल, नाहीतर पूर्ण रुंदीतून ३२ वजा. ही रुंदी आणि फोनचा आकडा यांचा गुणाकार करून ब्राउझर जवळची फाइल उचलतो. `sizes` लिहिलंच नाही, तर तो फोटो स्क्रीनभर रुंद आहे असं धरतो. मग १३६६ रुंदीच्या लॅपटॉपवर, जिथं ४०० ची फाइल पुरली असती, तिथं १००० ची उतरते.

एका दुकानाच्या साइटवर हे माझ्याच हातून घडलं. मोबाइलवर एकाखाली एक दिसणाऱ्या साड्या मालकांना दोन-दोनच्या रांगेत हव्या होत्या. मी मांडणी बदलली आणि `sizes` तसंच राहिलं. फोटो दिसायला छान, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. पण एक फोटो आता १५६ रुंद जागेत होता, त्याला तिप्पटच्या फोनवरही ४६८ लागले असते आणि ४०० वाल्या फाइलवर काम भागलं असतं. फोन मात्र प्रत्येक साडीसाठी १००० चीच फाइल ओढत होता. तिथं `calc((100vw - 48px) / 2)` असायला हवं होतं. मांडणीला हात लावला की `sizes` ला हात लावायचाच, हे तेव्हापासून मी सोडत नाही.

असली चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण फाइल मोठी असली तरी चित्र स्वच्छच दिसतं. म्हणून मी एक साधी युक्ती वापरतो. एका साडीच्या चारही फाइलींवर ठळक अक्षरांत त्यांचा आकडा लिहितो, ४०० च्या फाइलवर ४००, ६६० च्या फाइलवर ६६०, आणि त्या तात्पुरत्या साइटवर चढवतो. मग घरातले जेवढे फोन हाती लागतील तेवढ्यांवर पेज उघडतो. कोणत्या फोननं कोणती फाइल घेतली ते समोरच दिसतं. लॅपटॉपवर हेच कन्सोलमध्ये त्या फोटोचं `currentSrc` वाचून कळतं. मात्र तपासताना पेज खासगी खिडकीत उघडा. मोठी फाइल एकदा उतरून साठवलेली असली तर क्रोम नंतर लहान खिडकीतही तीच दाखवत राहतो, आणि आपल्याला वाटतं कोड बिघडला.

आता वजनाचं बघू. दुप्पट माप म्हणजे चौपट पिक्सेल, पण म्हणून फाइल चौपट जड व्हायलाच हवी असं नाही. ताणून दाखवलेल्या फोटोत जेपेगचे डाग मोठे होऊन दिसतात. उलट ६६० चा फोटो ३२८ च्या जागेत दाटून बसला की तेच डाग इतके बारीक होतात की नजरेला सापडत नाहीत. त्यामुळे दाट फाइलींची क्वालिटी मी ८५ वरून ५५-६० वर आणतो. माझ्याकडच्या एका पदराच्या फोटोत ८५ क्वालिटीची ४०० रुंद फाइल साठेक केबीची होती आणि ५५ क्वालिटीची ६६० रुंद फाइल पाऊणशे केबीच्या आसपास. तुमचे आकडे थोडे वेगळे येतील, पण फोनवर दोन्ही शेजारी ठेवून बघा, कोणती निवडायची ते लगेच ठरेल.

लाल काठावरच्या जरीला याचा आणखी एक फायदा होतो. जेपेग सहसा उजेड-अंधार पूर्ण बारकाईनं ठेवतं, पण रंग निम्म्याच बारकाईनं. ४०० च्या फाइलमध्ये म्हणूनच लाल रंग सोनेरी धाग्यावर पसरल्यासारखा दिसतो. फाइल दुप्पट घेतली की निम्मी झालेली रंगाची बारकाईही जागेला पुरेशी पडते आणि काठ सुटा दिसतो.

फाइली हातानं करत बसू नका. इमेजमॅजिक हा फोटोंची मापं बदलणारा प्रोग्रॅम टाकून घ्या. विंडोजवर एका मापाची आज्ञा अशी:

```
magick padar.jpg -auto-orient +profile "!icc,*" -resize 660x -quality 58 padar-660.jpg
```

यातला `+profile` चा भाग दुकानदारांसाठी फार महत्त्वाचा आहे. फोनच्या फोटोत फोटो काढल्याचं ठिकाण वगैरे माहिती असते, ती यानं जाते, पण रंगांचा प्रोफाइल राहतो. नेटवर बरेच जण सरसकट `-strip` वापरा असं सांगतात. त्यात रंगांचा प्रोफाइलही जातो, आणि काही फोनवर काढलेल्या फोटोंचे रंग मग फिके पडतात. गिऱ्हाईक राणी रंग बघून साडी मागवतं, तिथं हे परवडत नाही.

४०० ची फाइल मात्र वेगळी तपासा, क्वालिटीही तिथं ८० च्या आसपास ठेवा. ४००० वरून ४०० वर आणताना विणकामाच्या बारीक रेघा आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर चढून कधीकधी कापडावर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे उमटतात. साडीत नसलेली नक्षी फोटोत दिसते. तसं झालं तर छोटं करण्याआधी `-blur 0x4` देऊन बघा, आणि तरी गेलं नाही तर फोटो थोडा जवळून, कमी कापड घेऊन काढा.

मूळ फोटो कुठून येतो हेही बघा. विणकर मेसेजिंग अ‍ॅपवरून साधा फोटो पाठवत असतील तर तो वाटेतच लहान होऊन, दाबला जाऊन येतो. तो ताणून १००० चा केला तरी मोराचा डोळा परत येत नाही. त्यांना फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवायला सांगा.

तिप्पटसाठी १००० ची फाइल ठेवायचीच का, असं तुम्हाला वाटू शकतं. दुप्पट आणि तिप्पट यांतला फरक हातभर अंतरावरून बहुतेक फोटोंत जाणवत नाही. दुकानाचा दर्शनी फोटो, हातमागाचा, तुमच्या घरच्यांचा, यांना ८०० वर थांबा. मोठी फाइल यादीत नसली की तिप्पटचा फोनही ८०० वर भागवतो. पदर आणि काठाच्या जवळच्या फोटोंना मात्र मी १००० देईन, कारण ते लोक बोटांनी मोठे करून बघतात. आणि साडीची किंमत फोटोवर लिहू नका, ५८ क्वालिटीत अक्षरांभोवती राखाडी मळ साचतो. किंमत पेजवर अक्षरांत लिहा.

सुरुवात एका साडीपासून करा, आकडे लिहिलेल्या चार फाइली चढवा आणि तुमच्या फोनवर कोणता आकडा दिसतो ते इथं कळवा. अपेक्षेपेक्षा मोठा दिसला तर `sizes` ची ओळ आणि मोबाइलवर एका रांगेत किती साड्या आहेत तेवढं लिहा, मी बघून सांगतो.