भूल उतरल्यावर घसा का दुखतो?

ऑपरेशन पोटाचं झालं, मग घसा का दुखतोय? किती दिवस राहील?

पूर्ण भूल दिल्यावर श्वासाची नळी तोंडातून, स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत घालतात. तिच्या टोकाजवळ छोटा फुगा असतो. तो फुगवला की हवा बाजूने गळत नाही आणि पोटातलं काही फुप्फुसात जाण्याचा धोका कमी होतो. पण तोच फुगा ऑपरेशन संपेपर्यंत आतल्या नाजूक अस्तराला टेकून राहतो, म्हणून तिथे सूज येते. फुगा जास्त फुगला किंवा नळी जाड असली, तर त्रास वाढतो.

पहिल्या दिवशी गिळताना जास्त ठणकतं, आवाजही बसतो. बहुतेकांना 2-3 दिवसांत आराम पडतो. प्यायची परवानगी मिळाली की पाणी घोटघोट घ्या. आवाज आठवड्यानंतरही बसलेलाच असेल तर डॉक्टरांना दाखवा. श्वास अडखळला, ताप आला किंवा मानेला सूज आली तर मात्र लगेच.