राउटरवर LOS चा लाल दिवा लुकलुकतोय, त्याचा अर्थ काय?

प्रश्न: सिनेमा सारखा अडकतोय आणि फायबरच्या डब्यावर LOS चा लाल दिवा मधूनच लुकलुकतो. कंपनीला फोन करण्याआधी काय बघू?

उत्तर: तुमच्या डब्यापर्यंत फायबरमधून प्रकाश पोचत नाहीये किंवा फार क्षीण पोचतोय, वायफायचा यात दोष नाही. मी जोडणीचं काम करतो, आणि घरातल्या घरात सापडणारं कारण बहुतेकदा एकच: कपाट भिंतीला सरकवताना मागची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर दुमडलेली असते. तिला मोठा गोल वळसा द्या. हिरवं टोक ‘टक्’ होईपर्यंत आत दाबा, पण काढून डोळ्यासमोर धरू नका, आतला लेझर दिसत नाही. मग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर Rx Power, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. साधारण -8 ते -27 dBm चालतं. -29 वगैरे दिसलं, तर दिवा असाच ये-जा करतो आणि चित्र अडकतं. तेव्हा फोनवर “नेट स्लो आहे” म्हणू नका, नाहीतर रीस्टार्टच करायला लावतील. “LOS लाल आहे, पॉवर -29” असं सांगा. मात्र LOS बंद, फायबर जोडणीचा PON दिवा स्थिर हिरवा आणि फक्त इंटरनेटचा दिवा लाल असेल, तर वायर ठीक आहे. आधी रिचार्ज संपलाय का ते बघा.