व्हेरिएबलची नावं वेगळी असूनही कोड ‘सेम’ कसा काय येतो?

प्रश्न: डीएसच्या लिंक्ड लिस्टवाल्या असाइनमेंटमध्ये माझा आणि मित्राचा कोड ७८ टक्के मॅच आला म्हणून सरांनी दोघांना बोलावलंय. आम्ही खरंच कॉपी नाही केली, नावंसुद्धा सगळी वेगळी आहेत. मग हे टूल नक्की बघतं तरी काय?

उत्तर:

मी मुंबईतच एका इंजिनिअरिंग कॉलेजात डीएसची लॅब घेते, त्यामुळे हे रिपोर्ट दर सेमला माझ्या टेबलावर नाहीतर ठाण्याहून येताना लोकलमध्ये मोबाइलवर असतात. (सवयीने ‘तू’ म्हणतेय, राग मानू नकोस.)

पहिली गोष्ट, नावांचं विसर. नावं, कॉमेंट, स्पेस, इंडेंटेशन हे सगळं टूल पहिल्याच फटक्यात फेकून देतं. कॉपी पकडणारं मॉस हे टूल १९९४ मध्ये अ‍ॅलेक्स एकन यांनी केलं आणि तसंच जेप्लॅग १९९६ मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहेला सुरू झालं, तेव्हापासून पोरं नावं बदलतातच हे गृहीत धरूनच ही टूल्स बनलीयेत. हे दोन तुकडे बघ:

```c
struct node *nn = malloc(sizeof(struct node));
nn->data = x;
nn->next = head;
head = nn;
```

```c
struct node *temp = malloc(sizeof(struct node));
temp->info = val;
temp->link = start;   // purana start
start = temp;
```

तुला-मला हे दोन वेगळ्या मुलांचे वाटतील. जेप्लॅगसारखं टूल यातून फक्त कुठे काय ‘घडतं’ तेवढं उचलतं, म्हणजे व्हेरिएबल डिक्लेअर झालं, फंक्शन कॉल झाला, असाइनमेंट झाली, आणि दोन्हींचं साधारण हेच होतं (लेबलं टूलगणिक थोडी बदलतात):

```
VARDEF ASSIGN APPLY ASSIGN ASSIGN ASSIGN
```

झालं. तुझा अख्खा प्रोग्राम म्हणजे अशा टोकनांची एक लांब माळ, मित्राचाही तसाच, आणि मग टूल दोन माळांमधला सगळ्यात लांब सारखा तुकडा शोधतं, त्यावर खूण करतं, उरलेल्यात पुन्हा सगळ्यात लांब शोधतं, असं करत करत किमान लांबीपेक्षा छोटे तुकडे उरले की थांबतं. ही किमान लांबी सेट करता येते, भाषेप्रमाणे डिफॉल्ट वेगळा असतो, आपण १२ टोकन धरू. तुकडा फाइलमध्ये कुठे आहे याच्याशी देणंघेणं नाही, त्यामुळे फंक्शन वरचं खाली नेलं तरी तो सापडतोच. मॉसची पद्धत जरा निराळी आहे, तो ठराविक लांबीच्या तुकड्यांचे हॅश काढून त्यातले निवडक ठेवतो आणि ते जुळवतो, पण नावं टाकून द्यायची हे तिथेही आहेच.

आता तू म्हणशील, वरचा तुकडा तर सहाच टोकनांचा आहे, १२ च्या खाली आहे, मग मोजला कशाला? इथेच खरी गंमत आहे आणि बऱ्याच सरांच्याही हे लक्षात येत नाही. असाइनमेंटच्या शीटवर काय लिहिलेलं असतं? ‘मेनू-ड्रिव्हन प्रोग्राम लिहा: १. सुरुवातीला इन्सर्ट, २. शेवटी इन्सर्ट, ३. डिलीट, ४. डिस्प्ले.’ वर्गातला प्रत्येक जण फंक्शन्स त्याच क्रमाने लिहितो, का तर शीटवर तसं आहे. एकेकटं फंक्शन छोटं असतं पण ती एकापाठोपाठ एक चिकटली की त्यांचा मिळून चाळीस-पन्नास टोकनांचा एक सलग डबाच तयार होतो, आणि रिपोर्टात तो मोठ्ठा रंगीत पट्टा दिसतो. बघणाऱ्याला वाटतं एवढं मोठं सेम म्हणजे छापलंच! प्रत्यक्षात चार वेगवेगळ्या छोट्या गोष्टी आहेत ज्या दुसऱ्या कशा लिहायच्या हाच प्रश्न आहे. वरच्याच तुकड्यात data आणि next च्या ओळींची अदलाबदल कर, टोकन तेच राहतात, ASSIGN ASSIGN. आणि `head = nn` आधी लिहिलंस तर नवीन नोडचा next स्वतःकडेच येतो आणि डिस्प्ले थांबतच नाही. म्हणजे वेगळं लिहायला जागाच नाही. अशा जागी दोन कोड जुळले तर ते जुळायलाच हवेत, न जुळले तर उलट एकाचा चुकलाय.

एक हिशोब दाखवते, गेल्या एका बॅचमधली जोडी, आकडे सोपे करून. अ चा कोड १२० टोकन, ब चा १४०, जुळलेले १०४. जेप्लॅगची सरासरी सिमिलॅरिटी म्हणजे जुळलेल्याची दुप्पट भागिले दोघांची बेरीज, २०८ भागिले २६०, बरोब्बर ८० टक्के. एचओडींनी आकडा बघितला आणि थेट पालकांना बोलवा म्हणाले. मी म्हटलं थांबा जरा. कारण main मधला मेनू, switch, node चं स्ट्रक्चर हे सगळं मीच स्टार्टर फाइल म्हणून दिलं होतं आणि टूलला ते सांगायला विसरले होते. दोन्ही टूलमध्ये ‘बेस कोड’ देता येतो, मॉसला `-b` लावून, म्हणजे हा भाग सगळ्यांचाच आहे, मोजू नको. माझी स्टार्टर फाइल ६० टोकनांची. ती दोघांमधून वजा केली की उरले ६० आणि ८०, जुळलेले ४४, म्हणजे ८८ भागिले १४०, साधारण ६३ टक्के. माझ्या एका विसरण्यामुळे ८० चे ६३ झाले, पोरांनी काहीच केलेलं नसताना!

मग ६३ म्हणजे जास्त का कमी? एकट्या आकड्याकडे बघून सांगताच येत नाही. ६० मुलांच्या वर्गात १७७० जोड्या होतात, आणि त्या सगळ्या जोड्या कुठे पडतात ते आधी बघायचं. या असाइनमेंटला बहुतेक जोड्या ५० ते ६० च्या आसपास होत्या, मग ६३ ला काय किंमत. याउलट सेमच्या शेवटी मिनी प्रोजेक्टमध्ये विषय मोकळा असतो, तिथे जोड्या खाली कुठेतरी वीसच्या आत असतात आणि एखादीच ४५ ला दिसली तर मी ती आधी उघडते. तुझे ७८ वाचून मला एवढंच कळतं की मला बाकीच्यांचे माहीत नाहीत.

पण त्या जोडीत एक गोष्ट मला खटकली होती, ती सांगायलाच हवी. search मध्ये दोघांच्याही कोडात हे होतं, नावं सोडून:

```c
int flag = 0;
temp = head;
flag = 0;
while (temp != NULL) {
```

flag दोनदा शून्य, आणि मध्ये temp ची ओळ. काही बिघडत नाही, पण दुसऱ्यांदा लिहायची गरजच नाही. इन्सर्टच्या चार ओळी जुळल्या तर मी ढुंकून बघत नाही, पण अशी निरर्थक ओळ त्याच जागी दोघांकडे येते तेव्हा कान टवकारतात, कारण प्रॉब्लेमने ती लिहायला लावलेली नाही. कॉमन चुका मात्र वेगळ्या. शेवटचा नोड डिलीट करताना `temp->next->next` थेट बघणं आणि लिस्टमध्ये एकच नोड असेल तर क्रॅश होणं, ही चूक दर वर्षी अर्धा वर्ग करतो, ती जुळली म्हणून कोणी कोणाची बघितली असं होत नाही.

मी दोघांना वेगवेगळं बोलावलं आणि फक्त एवढंच विचारलं, की ही दुसरी flag ची ओळ काढली तर काय होईल? अ म्हणाला, ‘काही नाही मॅडम, क्लासमध्ये सरांनी असंच लिहिलेलं.’ ब ला विचारलं तर तोही तेच, दादरचा तोच क्लास. मग मी त्या ओळीसाठी सगळ्या फाइली चाळल्या तर दुसऱ्या बॅचमधली एक मुलगी निघाली, तीही त्याच क्लासची. तिघांनी एकमेकांची फाइल बघितलीच नव्हती, तिघांनी एकाच वहीतून उचललं होतं. डिलीट आणि रिव्हर्स तिघांचं वेगळं होतं आणि तिघांनाही ते समजावता आलं. शेवटी मी तिघांना search ची क्रेडिट-ओळ कॉमेंटमध्ये टाकायला लावली आणि मार्क दिले. एचओडींना फारसं पटलं नाही, असो.

मॉसमध्ये यासाठी एक मजेदार सेटिंग आहे, `-m`. एखादा तुकडा किती प्रोग्राममध्ये दिसेपर्यंत संशयास्पद धरायचा ते त्यात ठरतं, डिफॉल्ट १० आहे. म्हणजे तोच तुकडा दहापेक्षा जास्त जणांकडे असला तर टूल समजतं की हा बहुतेक सगळ्यांचाच आहे आणि सोडून देतं. म्हणजे त्या क्लासला आमच्या वर्गातली बारा मुलं जात असती तर मॉस त्या तुकड्याबद्दल गप्प बसला असता, आणि तिघंच जातात म्हणून अडकले. आणि हेच उलटं बघ, एका पोराचा कोड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून वीस जणांनी टाकला तर तोही या सेटिंगमुळे ‘सगळ्यांचा’ ठरू शकतो. म्हणून मी मोठ्या वर्गासाठी हा आकडा वाढवून एकदा आणि डिफॉल्टला एकदा, असं दोनदा चालवते.

आता तुझं. सरांकडे जाशील तेव्हा टक्क्यांवर वाद घालू नकोस, दोन्ही कोड शेजारी-शेजारी रंगवलेला रिपोर्ट दाखवा म्हण, तो असतोच. त्यात कुठला भाग जुळलाय ते बघ. शीटवरचा मेनू आणि दिलेली स्टार्टर फाइल असेल तर नम्रपणे विचार की सर, बेस कोड वगळून एकदा चालवता येईल का. इन्सर्ट, डिस्प्ले जुळले असतील तर हे दुसऱ्या कशा प्रकारे लिहिता येईल ते सरांनाच विचार, चांगले सर असतील तर हसतील. आणि तुमच्या दोघांमध्ये एखादी विचित्र ओळ, न वापरलेलं व्हेरिएबल, तोच वेडावाकडा printf असं काही निघालं तर ते कुठून आलं ते सरांनी विचारायच्या आधी तूच सांग, यूट्यूब असो, क्लास असो, सिनिअरची फाइल असो. जुन्या सेव्ह केलेल्या फाइली किंवा गिटची हिस्ट्री असेल तर लॅपटॉप सोबत ने, त्यात अर्धवट चाललेला, सेगफॉल्ट मारणारा कोड असतो ना, तो लाज वाटून डिलीट केला नसशील तर आत्ता कामाला येईल.