रक्तवाढीच्या गोळ्या, कॅल्शियम आणि घरचं चूर्ण

"पाचवा महिना चालू आहे. उपकेंद्रातून रक्तवाढीच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळाल्या. सासूबाई म्हणतात अश्वगंधा-शतावरीही घे. काय घेऊ, काय टाळू? (यावल तालुका)"

ताई, दोन्ही गोळ्या घ्या. अश्वगंधा मात्र नको.

चोपडा तालुक्यात मी 22 वर्षं नर्स होते. गोळ्या घेऊनही रक्त न वाढणाऱ्या बायका खूप पाहिल्या. एकीचं हिमोग्लोबिन दोन महिन्यांनी 9.2च होतं. "रोज घेते हो सिस्टर," ती म्हणाली. विचारत गेले तेव्हा कळलं, सकाळी चहासोबत दोन्ही गोळ्या एकदमच घ्यायची. कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाही आणि चहाही तेच करतो. डॉक्टरांनी लोहाच्या दोन गोळ्या लिहून दिल्या, आम्ही वेळा बदलल्या. महिन्याने 10.3 झालं.

तुम्ही कॅल्शियम दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणासोबत घ्या, एकेक गोळी. लोहाची गोळी जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना लिंबूपाण्यासोबत घ्या. शौचाला काळं होईल, त्याने घाबरू नका. मळमळलं किंवा बद्धकोष्ठ झालं तर सिस्टरला सांगा, गोळी परस्पर बंद करू नका. लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिड असतंच. बाळंतपणानंतरही सहा महिने, म्हणजे 180 दिवस, दोन्ही चालू ठेवायच्या. आपल्याकडे माळकरी घरं पुष्कळ. तुम्ही शुद्ध शाकाहारी असाल तर बी12 तपासून घ्या. आईत ते कमी असलं तर दुधातूनही बाळाला कमीच जातं.

आता चूर्णाचं. अश्वगंधा जास्त प्रमाणात घेतली तर गर्भपाताचा धोका सांगितला जातो. अंगावर पाजतानाही ती सुरक्षित असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. शतावरी दूध वाढवते असं म्हणतात, पण त्याचाही पुरावा कच्चा आहे. गरोदरपणात स्वतःहून घेऊ नका. कोरफडीचा रस आणि रोजचा ज्येष्ठमधाचा काढाही नको. कोरफडीने जुलाब लागतात, ज्येष्ठमधाने बीपी चढतं. बिनलेबलच्या पुडीतलं भस्म तर अजिबात नको. त्यात शिसं किंवा पारा निघू शकतो, आणि तो नाळेतून बाळापर्यंत जातो.

सासूबाईंचा जीव तुमच्यात आहे, म्हणून त्यांना हे नीट समजावून सांगा. मेथीची भाजी, शेपू, भाकरी खुशाल खा. अळीव-डिंकाचे लाडू बाळंतपणानंतर त्यांच्याच हातचे खा, रोज एखादा.

चूर्ण आधीच सुरू केलं असेल तर आजच थांबवा. दर 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची तपासणी असते, तेव्हा डबा सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. पोटात कळा किंवा अंगावर लाल जात असेल तर त्या तारखेची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.