आजन्म तेवढीच पेन्शन आणि पुढची वीस वर्षे

प्रश्न : मी कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून नुकताच साठाव्या वर्षी निवृत्त झालो. घर फोंड्यात, स्वतःचे. हाती 50 लाख रुपये आहेत आणि ईपीएफची पेन्शन महिना 4,600 रुपये मिळते. विमा एजंट म्हणतो, सगळे पैसे पेन्शन योजनेत घाला, महिना 27,000 रुपये आजन्म मिळतील, माझ्यानंतर पत्नीला तेवढेच, आणि तिच्यानंतर मुलाला पूर्ण 50 लाख परत. आमचा खर्च महिना 25,000 आहे. घ्यावी का?

उत्तर : सगळे 50 लाख या योजनेत घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एजंटाने सांगितलेली कोणतीही गोष्ट खोटी नाही. 27,000 रुपये खरोखरच दरमहा येतील, आणि अडचण नेमकी तिथेच आहे, कारण ते विसाव्या वर्षीही 27,000च असतील. त्याने दिलेल्या तक्त्यात वर्षांच्या रकान्यासमोर तोच आकडा ओळीने छापलेला असेल. त्याच्या शेजारी आपल्या घरखर्चाचा रकाना पेन्सिलने आखून पाहावा.

महागाई वर्षाला 5 टक्के धरू. रिझर्व्ह बँकेचे उद्दिष्ट 4 टक्के आहे, पण निवृत्तांच्या घरात औषधपाणी आणि माणसांच्या मजुरीवर होणारा खर्च मोठा असतो, म्हणून एक टक्का जास्त धरणे शहाणपणाचे. या वेगाने आजचा 25,000चा खर्च पाच वर्षांनी सुमारे 31,900, दहा वर्षांनी 40,700 आणि वीस वर्षांनी 66,300 होतो. आपले दोन्ही पेन्शन मिळून उत्पन्न मात्र 31,600वरच थांबलेले राहते. म्हणजे पहिली साडेचार-पावणेपाच वर्षे पैसे शिल्लक पडतील, त्यानंतर तूट सुरू होईल, आणि आपण ऐंशीचे व्हाल तेव्हा हे उत्पन्न निम्म्या खर्चालाही पुरणार नाही. आजच्या भावात सांगायचे तर त्या वेळचे 31,600 म्हणजे आत्ताचे जेमतेम 11,900 रुपये.

गोव्यात पुष्कळ घरांत कोणीतरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले असते, आणि त्यांच्याकडे पाहून ‘पेन्शन म्हणजे निश्चिंती’ असा समज आपल्याकडे रुजला आहे. पण त्यांच्या पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो, जो जानेवारी आणि जुलैपासून लागू होणाऱ्या हप्त्यांनी वाढत जातो. विमा कंपनीच्या पेन्शनला आणि ईपीएफच्या पेन्शनलाही असा भत्ता नसतो. शिवाय आपल्या पश्चात पत्नीला ईपीएफची पेन्शन निम्मीच, म्हणजे 2,300 रुपये मिळेल, हेही हिशेबात धरावे.

यामागचे कारण समजून घेतले तर पुढचा निर्णय सोपा होईल. 50 लाखांवर वर्षाला 3,24,000 रुपये म्हणजे सुमारे साडेसहा टक्के. महागाई 5 टक्के असताना त्यातला दीडच टक्का खरी कमाई असतो, बाकीचे पाच टक्के ही मुद्दलाची झीज भरून काढण्यासाठी मिळालेली रक्कम असते. आपण पूर्ण 27,000 खर्च केले तर ती झीज कोणीच भरून काढत नाही. मुलाला परत मिळणाऱ्या 50 लाखांचेही तसेच : ती रक्कम तीस वर्षांनी मिळाली तर आजच्या भावात तिची किंमत साडेअकरा लाखांच्या आसपास असेल. या परतीच्या आश्वासनासाठी आपण आयुष्यभर कमी पेन्शन घेत असता, आणि हा सौदा मला महाग वाटतो.

दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढणारी पेन्शनही मिळते, तेव्हा एजंट तीही सुचवील. तिची सुरुवात बरीच कमी रकमेने होते, आणि वाढ बहुधा मूळ रकमेवर सरळ पद्धतीने दिली जाते. त्यामुळे वीस वर्षांनी पेन्शन 1.6 पट होते, तर 5 टक्के महागाईने खर्च 2.65 पट झालेला असतो. दरी थोडी कमी होते, पण भरून निघत नाही.

मी आपल्या जागी असतो तर 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले असते. तिची कमाल मर्यादाच तेवढी आहे. 8.2 टक्के दराने दर तिमाहीला 61,500, म्हणजे महिना 20,500 रुपये येतात, आणि ईपीएफचे 4,600 मिळवले की आजचा खर्च बरोबर भागतो. 4 लाख अडीअडचणीसाठी बँकेत मुदत ठेवीत ठेवावेत. उरलेले 16 लाख शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेल्या हायब्रिड म्युच्युअल फंडात घालून, दरवर्षी खर्चात जेवढी वाढ होईल तेवढीच रक्कम त्यातून काढावी. दुसऱ्या वर्षी ती सुमारे 15,000 असेल, दहाव्या वर्षी 1,65,000च्या जवळपास.

या फंडाने सरासरी 9 टक्के दिले, तर अशी रक्कम काढत राहूनही दहा वर्षांनी सुमारे 27 लाख उरतात. 6 टक्केच दिले तरी 19 लाख उरतात. यात जोखीम आहे, हे मी लपवणार नाही : एखाद्या वर्षी फंड 15-20 टक्के घसरू शकतो, आणि सुरुवातीलाच तसे झाले तर आकडे खाली येतील. त्या वर्षी फंडाला हात न लावता बँकेतल्या 4 लाखांतून काढावे. बचत योजनेची मुदत पाच वर्षांची आहे, त्यानंतर त्या वेळचा दर लागू होईल, आणि तो कमीही असू शकतो.

सत्तराव्या वर्षी विमा कंपनीच्या पेन्शनचा विचार पुन्हा जरूर करावा, पण तेव्हा मुद्दल परत न करणारी, दोघांच्या हयातीपर्यंत चालणारी पेन्शन पाहावी. मुद्दल परत देणाऱ्या प्रकारात वयानुसार दर फारसा बदलत नाही, तर मुद्दल परत न देणाऱ्या प्रकारात वय वाढते तसा तो चांगलाच वाढतो, कारण कंपनीला कमी वर्षे पैसे द्यावे लागतात. शिवाय त्या वेळी पुढची वीस नव्हे, दहा-पंधरा वर्षेच महागाईला तोंड द्यायचे असेल. त्या वेळच्या जमा रकमेतून थोडा भाग त्यात घातला, तर पंच्याऐंशीनंतरही काही उत्पन्न नक्की राहील, कारण नुसत्या काढत राहण्याने पैसे साधारण त्या वयापर्यंतच पुरतील. मुलासाठी फारसे उरणार नाही, हे त्याला आत्ताच सांगावे. घर आहेच.

महागाईचा आपल्या घरातला खरा दर मोजण्यासाठी दर 31 मार्चला बँकेचे पासबुक घेऊन वर्षभराचा खर्च एका वहीत मांडावा, आणि औषधे, डॉक्टर, वीज, किराणा, मासळी आणि कामाला येणाऱ्या माणसांची मजुरी वेगवेगळी लिहावी. नारळ काढायला येणाऱ्या पाडेलीची मजुरी आणि घरकामाचा पगार बहुधा किराण्याहून वेगाने वाढतो. मासळीचे भाव जून-जुलैच्या बंदीत चढतात, तेव्हा महिन्यांची नव्हे, वर्षांची तुलना करावी. दोन वर्षे लागोपाठ वाढ 6 टक्क्यांच्या वर दिसली, तर फंडातून काढायची रक्कम आहे तिथेच थांबवून मोठा खर्च पुढे ढकलावा आणि वही घेऊन मला पुन्हा लिहावे.