फायनल राउंडनंतर ऑफर नाकारायची असेल तर मेलमध्ये काय लिहायचं

प्रश्न: "दादा, स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीची ऑफर आलीये, 56,000 युरो ग्रॉस. पण मागच्या महिन्यात बाबांची बायपास झाली, मी एकुलता एक, त्यामुळे आत्ता निघणं जमणार नाही असं घरात ठरलं. पगारही जरा कमीच वाटला. एचआरला काय सांगू? सॅलरीचं सांगितलं तर प्रोफेशनल वाटेल का, की व्हिसाचा प्रॉब्लेम आहे म्हणू? फायनल राउंडला तिघे होते, सगळे खूप चांगले वागले, वाईट वाटतंय."

आधी बाबांची काळजी घे, ते महत्त्वाचं.

आता पहिली गोष्ट, तू त्यांना आत्तापर्यंत नेमकं काय कळवलंयस ते मेलबॉक्स उघडून बघ. कारण इकडे जर्मनीत कायम नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट व्हायला कागदावर सही लागतेच असं नाही, त्यांच्या ठोस ऑफरला तू मेलवर "मला मान्य आहे" लिहिलं असशील तरी ते कॉन्ट्रॅक्ट झालं असं धरता येतं. तसं झालं असेल तर ते ऑफर नाकारणं नाही, राजीनामा देणं आहे, आणि मग कॉन्ट्रॅक्टमधली नोटिसची कलमं वाचावी लागतील. पण "थँक्यू, वाचून कळवतो" एवढंच लिहिलं असेल तर तू मोकळा आहेस.

आता कारणाचं. व्हिसाचा प्रॉब्लेम अजिबात सांगू नकोस. खोटं आहे हे सोड, पण ते चालतही नाही, कारण इकडच्या कंपनीला व्हिसाचा प्रॉब्लेम म्हणजे सोडवायची गोष्ट वाटते. त्यांची रिलोकेशनवाली बाई तुला फोन करणार, कुठला कागद अडलाय विचारणार, आणि तू आणखी तीन थापा मारणार.

सॅलरीचंही तेच. मी स्वतः हे करून बसलोय. 2019 मध्ये म्युनिकच्या एका कंपनीला नाही म्हणायचं होतं, खरं कारण होतं की बायकोला नुकतीच इकडे नोकरी लागली होती आणि आम्हाला शहर बदलायचं नव्हतं. पण ते लिहायला मला उगाच घरगुती वाटलं म्हणून मी तीन परिच्छेदांचा मेल लिहिला, म्युनिकचं भाडं, टॅक्स, मुलीच्या पाळणाघराची वेटिंग लिस्ट, सगळं. दोन दिवसांनी मॅनेजरचा फोन, आनंदात होता बिचारा, म्हणाला वरून 4,000 वाढवून मंजूर करून आणलेत. आता काय बोलणार? म्हटलं की नाही, तरीही नको. पलीकडे जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. त्याने माझ्यासाठी स्वतःच्या बॉसकडे शब्द टाकला होता आणि मी त्याला उगाच धावायला लावलं.

तर पगार हे कारण फक्त तेव्हाच सांगायचं जेव्हा आकडा बदलला तर तू खरंच येशील. स्वतःलाच विचारून बघ. बायको-मूल सोबत असेल असं धरू, तर 56,000 मध्ये बायको कमवत नसेल आणि कमी टॅक्स कापणारा टॅक्स क्लास 3 मिळाला तर हातात महिन्याला साधारण 3,300 पडतील, मुलासाठी सरकार देतं ते किंडरगेल्ड वेगळं. स्टुटगार्टकडे भाडं जाऊन तिघांचं भागतं, पण मजा नाही. उद्या ते 64,000 म्हणाले तर बाबांना सोडून निघशील? नाही ना? मग पगाराचा विषय मेलमध्ये आणायचाच नाही, तो नाराजीचा भाग आहे, नकाराचं कारण नाही.

राहिलं खरं कारण, आणि ते चांगलं कारण आहे, लाजायचं काय त्यात. फक्त आजाराचे तपशील नकोत. बायपास, किती ब्लॉक, कुठलं हॉस्पिटल, डॉक्टर काय म्हणाले, हे आपण प्रेमाने सांगतो पण समोरच्याला कळत नाही याचं करायचं काय. एचआरला सिस्टीममध्ये एक ओळ भरायची असते, ती ओळ तू दे, बस.

एक मात्र आधी ठरव, हे "आत्ता नाही" आहे की "नाही" आहे. चार-पाच महिन्यांनी बाबा हिंडूफिरू लागले की तू येऊ शकणार असशील तर नकार देऊच नकोस, जॉइनिंग पुढे ढकलता येईल का ते विचार. इकडे तीन महिन्यांचा नोटिस पिरियड नेहमीचा आहे, त्यामुळे वाट बघायची लोकांना सवय असते, आणि नाही जमलं तर ते सरळ सांगतील. पण येणार नसशील तर "भविष्यात नक्की" वगैरे लिहू नकोस, आपण ते सौजन्य म्हणून लिहितो, हे लोक कॅलेंडरला लावतात.

आधी फोन, मग त्याच दिवशी मेल. ज्या मॅनेजरने फायनल घेतली त्याला फोन कर, दोन मिनिटांचं काम आहे. मेल तर इंग्रजीतच लिहिशील, पण मजकूर साधारण असा:

"नमस्कार, ऑफरबद्दल आणि तुम्ही तिघांनी दिलेल्या वेळेबद्दल आभार. विचार करून मी ही ऑफर स्वीकारत नाहीये. वडिलांच्या तब्येतीमुळे मला सध्या भारतातच राहणं गरजेचं आहे आणि हा निर्णय पगार किंवा जॉइनिंगची तारीख बदलून बदलणारा नाही. शेवटच्या राउंडला तुमच्या टेस्ट बेंचवर जी चर्चा झाली ती मला खरंच आवडली. लवकर कळवतोय म्हणजे तुम्हाला दुसऱ्या उमेदवाराशी बोलता येईल."

टेस्ट बेंच मी आपलं उदाहरण म्हणून टाकलं, तुझ्याकडे जे खरं घडलं ते लिही, नसेल काही तर ते वाक्यच काढून टाक. नकाराचं वाक्य मात्र दुसऱ्या नंबरला आणि स्पष्ट. "सध्या थोडं अवघड वाटतंय" असलं लिहिलंस तर ते वाटाघाट समजतील. माफी एकदाही मागितली नाही तरी चालतं.

आणि हे आजउद्याच कर. मी आता इंटरव्ह्यूच्या या बाजूला बसतो म्हणून सांगतो, दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला आम्ही आठवडा-दीड आठवडा कसंबसं धरून ठेवतो. गेल्या वर्षी एकजण "बघतो, कळवतो" करत तीन आठवडे गप्प बसला, आमच्या ऑफरवर तिकडच्या कंपनीत पगार वाढवून घेतला म्हणे. तोवर आमच्या एचआरने परदेशी लोकांचे परवाने बघणाऱ्या ऑफिसकडे, म्हणजे आउसलेंडरबेहोर्डकडे, त्याच्या व्हिसाची फास्ट ट्रॅक केस सुरू करून 411 युरो भरले होते आणि दुसरा उमेदवार दुसरीकडे लागला होता. नाही म्हटल्याचा राग कोणाला नव्हता, तीन आठवड्यांचा होता.

मध्ये रिक्रूटर एजन्सी असेल तर तिलाही कळवावं लागेल, पण मॅनेजरला तुझा मेल थेट जाऊ दे. एजन्सीचं कमिशन बुडणार असतं त्यामुळे तो माणूस तुला दहा वेळा फोन करेल आणि पलीकडे "कॅंडिडेटला पैसे कमी वाटले" असं सांगून मोकळा होईल. त्याला तेच एक वाक्य, प्रत्येक वेळी तेच. आणि व्हिसाची अपॉइंटमेंट घेतली असशील तर ती आठवणीने कॅन्सल कर, कोणीतरी त्या तारखेची वाट बघत असेल.