अकरा सह्यांचा विनोद

प्रश्न: ऑफिसच्या २५ व्या वर्धापनदिनाला साहेबांचं भाषण मी लिहून द्यायचंय. कार्यक्रम मुंबईतच आहे. ‘थोडं हसवा, पण कुणाला लागायला नको’ असं सांगितलंय. समोर सगळ्या भाषांचे, धर्मांचे, वयाचे लोक असणार. हलका विनोद लिहायचा तरी कसा?

उत्तर:

कार्यक्रमांची निवेदनं आणि दुसऱ्यांच्या तोंडी घालायची भाषणं लिहून देणं हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा. मी तुम्हाला एकाच भाषणाची गोष्ट सांगते, कारण या कामातले नियम ऐकताना पटतात आणि लिहायला बसलं की एकही आठवत नाही.

लालबागकडच्या एका पतसंस्थेचं पन्नासावं वर्ष होतं. अध्यक्ष सत्तरी ओलांडलेले, गंभीर स्वभावाचे, कागदावरून वाचणारे. वेळ आठ मिनिटं. असा माणूस मिनिटाला शंभरेक शब्द वाचतो, म्हणजे मजकूर आठशे शब्दांचा. तेवढ्यात मी हसण्याच्या जागा दोन ठेवते. तिसरी आली की ऐकणारे पुढच्या विनोदाची वाट बघायला लागतात आणि ताळेबंदाचं वाक्यही त्यांना विनोदाची प्रस्तावना वाटायला लागतं.

लिहिण्याआधी मी समोर कोण बसणार ते विचारून घेतलं. गिरणीत नोकरी केलेले जुने सभासद, त्यांच्या सुना-नातवंडं, गुजराती दुकानदार, सुरुवातीपासूनची काही मुस्लिम कुटुंबं, उत्तर भारतीय टॅक्सीवाले. व्यासपीठावर सहकार खात्याचे अधिकारी आणि स्थानिक पोलीस ठाण्याचे वरिष्ठ निरीक्षक. ही शेवटची माहिती किती कामाची होती ते पुढे कळेल.

अध्यक्षांनी स्वतःच एक विनोद आणला होता. “कर्ज घेणारा हसत येतो, फेडायच्या वेळी गायब होतो, आणि रडतो तो जामीनदार.” कमिटीच्या बैठकीत त्यावर खदाखदा हसले होते म्हणे. हसणारच, कमिटीत सगळे वसुली करणारे! सभागृहात मात्र कमिटी सोडून इतर सगळे बसलेले असतात. दुसऱ्याच्या कर्जापायी ज्याच्या पगारातून दोन-तीन वर्षं पैसे कापले गेले तो माणूस तिथे असतो, आणि ज्याच्यामुळे कापले गेले तोही चार खुर्च्या सोडून बसलेला असतो. अध्यक्ष बोलले की दोघांच्याही माना खाली जाणार. आजूबाजूचे हसले तरी ते हसू त्या दोघांकडे चोरून बघत येणार.

अशा वेळी मी एवढंच विचारते की हे हसू नावे कुणाच्या पडतंय? इथे ते सभासदांच्या नावे पडत होतं. ते संस्थेच्या नावे टाकायचं होतं, आणि शक्यतो बोलणाऱ्याच्याच. विषय बदलायची गरज नव्हती. कर्ज, जामीनदार, सह्या हे तिथल्या प्रत्येकाचं जगणं होतं. फक्त वाकवायचं होतं ते टोक.

पहिला खर्डा असा झाला: “पूर्वी आपल्या संस्थेत लहानशा कर्जालाही खूप सह्या लागायच्या.” कुणाला लागणार नाही, पण कुणी हसणारही नाही. ‘लहानसं’ आणि ‘खूप’ या शब्दांनी डोळ्यापुढे काही उभं राहत नाही. म्हणून मी कार्यालयातल्या लेखनिकाला जुन्या कपाटातून एखादा कर्ज-अर्ज काढायला सांगितलं. १९७८ सालचा निघाला, प्रेशर कुकरसाठीचा. कडा पिवळ्या पडलेल्या, टाचणी गंजलेली, आणि सह्या मोजल्या तर अकरा. अर्जदार, दोन जामीनदार, त्या प्रत्येकाला ओळखणारा एकेक, बाकी संस्थेचे पदाधिकारी. त्यातली एक सही खुद्द अध्यक्षांचीच, तेव्हा ते कमिटीत नवे होते. आकडा मनाचा घालू नका असं माझं म्हणणं असतं ते याचसाठी. खऱ्या कागदात तुम्हाला सुचणार नाही असं काहीतरी सापडतंच.

मग दुसरा खर्डा: “लग्न नोंदवायला तीन साक्षीदार पुरतात, पण १९७८ साली कुकरसाठी आम्ही अकरा सह्या घ्यायचो.” जवळ आलं, पण वाचून बघा. हसू आहे ‘अकरा’वर आणि वाक्य संपतंय ‘घ्यायचो’वर. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, आणि विनोद लिहिताना नेमकं हेच आडवं येतं. लोक ‘अकरा’ला हसायला लागतात तेव्हा वक्त्याचे दोन शब्द शिल्लक असतात. मग तो ते हसण्यात बुडवतो नाहीतर लोक हसू आवरतात. बोलताना आपण सहज शब्द मागेपुढे करतो, लिहिताना मात्र व्याकरणाच्या धाकाने सरळ वाक्य लिहून मोकळे होतो. शेवटी भाषणात गेलं ते असं:

“१९७८ साली आपली संस्था प्रेशर कुकरसाठी कर्ज द्यायची. लग्न नोंदवायला तीन साक्षीदार पुरतात. कुकरसाठी आम्ही सह्या घ्यायचो... अकरा. त्यातली एक माझी होती.”

‘आम्ही’ आणि ‘माझी’ हे दोन शब्द इथलं सगळं ओझं वाहतात. ‘त्या वेळचे व्यवस्थापक घ्यायचे’ असं लिहिलं असतं तर तोच विनोद गाऱ्हाणं झाला असता, आणि ते व्यवस्थापक पहिल्या रांगेत असते. तुमच्या साहेबांनाही हेच लागू. खुर्चीवरच्या माणसाने स्वतःवर, स्वतःच्या जुन्या निर्णयावर, कार्यालयाच्या कारभारावर हसावं. हाताखालच्यांवर केलेल्या विनोदाला लोक हसतातच, पण साहेबांपुढे न हसून करतात काय? त्या हसण्यावरून विनोद चालला असं धरू नका.

अध्यक्षांना लग्नाचं वाक्य फारच आवडलं. त्यांनी पुढे जोडलं, “लग्नालाही अकरा सह्या लागल्या असत्या तर कितीतरी पुरुष वाचले असते!” ते मी काढलं. पहिलं वाक्य नोंदणी कार्यालयाच्या कागदांबद्दल आहे, दुसरं थेट घरच्या बाईबद्दल. सभागृहात निम्म्या बायका, त्यातल्या बऱ्याच स्वतः खातेदार. तासभर ओढाताण झाली. अखेर त्यांच्या सूनबाईंनीच “बाबा, नको” म्हटलं आणि विषय मिटला.

भाषांचं म्हणाल तर शब्दावरची कोटी अशा सभेत ठेवायची नाही. मराठी मंडळी हसतात, शेजारचा गुजराती सभासद ‘काय म्हणाले?’ विचारतो, आणि समजावून सांगितलेली कोटी म्हणजे उतरलेला सोडा. कुकर, सही, शिक्का, पासबुक हे मात्र सगळ्यांना एकसारखं दिसतं, म्हणून प्रसंगातला विनोद भाषा ओलांडतो. उलट एखादी कोटी सगळ्यांनाच समजते आणि तिथेच घात होतो. मूळ मजकुरात होतं, “आपल्या भागात हप्ता वेळेवर देण्याची परंपरा आहे.” लिहिणाऱ्याच्या मनात कर्जाचाच हप्ता होता. पण मुंबईत ‘हप्ता’ म्हटल्यावर अख्ख्या सभागृहाच्या नजरा व्यासपीठावर कुणाकडे वळल्या असत्या ते सांगायला नको. ‘कर्जाचा मासिक हप्ता’ असं लिहिलं आणि वाट बंद झाली. तुम्हीही पाहुण्यांची यादी हातात घेऊन मजकूर एकदा वाचा. प्रत्येक पाहुण्याच्या खुर्चीवर बसून वाचायचा.

हे सगळं मी चुका करून शिकले आहे. सुरुवातीच्या काळात एका कंपनीच्या कार्यक्रमाचं निवेदन लिहिलं होतं. मुंबईत लोकलवरचा विनोद म्हणजे सगळ्यांना चालणारं नाणं, अशी माझी समजूत. लिहिलं, “आमचे कल्याण-डोंबिवलीचे सहकारी दारात लटकून योगासनं करतात, त्यांना वेगळा जिम भत्ता नको.” टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी स्टोअरमधले एक काका कप घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले, “चांगलं लिहिता ताई. माझा मुलगा मुंब्र्याला दारातूनच पडला.” आवाज चढवला नाही, काही नाही. बिस्किटाची बशी माझ्यापुढे सरकवली आणि गेले. कोविडची दोन वर्षं सोडली तर मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर एकेका वर्षात दोन हजारांहून जास्त माणसं मेली आहेत. दोनशे माणसांच्या सभेत असं एखादं घर असणं आश्चर्याचं नाही. तेव्हापासून लोकलचा उशीर, चौथ्या सीटची सोय, खिडकीसाठीची घाई एवढंच मी घेते. दार आणि रूळ घेत नाही. पावसाचंही तसंच. छत्री उलटी होणं चालतं, २६ जुलै नाही.

कागदाकडेही जरा बघा. अध्यक्षांच्या प्रतीत मी अक्षर मोठं ठेवलं, ‘अकरा’ वेगळ्या ओळीवर घेतला आणि त्याआधी तिरपी रेघ मारली, म्हणजे तिथे श्वास. ही चार वाक्यं एकाच पानावर बसवली. पान उलटताना विनोद मधे अडकला की मेला. भाषणाच्या सुरुवातीला दिवंगत सभासदांना श्रद्धांजली होती, तिच्यानंतर दोन परिच्छेद कामाचे ठेवले आणि मग कुकर आणला. ‘आता एक गंमत सांगतो’ हे त्यांनी पेनने लिहिलेलं वाक्य खोडलं. ते म्हटलं की लोक हाताची घडी घालून बघतात, काय सांगतो ते. शिवाय न सांगता आलेला विनोद फसला तर कुणाला कळत नाही. वरची चार वाक्यं पुन्हा वाचा. कुणीही हसलं नाही तरी ती संस्थेच्या इतिहासातली साधी माहिती म्हणून उभी राहतात, आणि वक्ता पुढे जाऊ शकतो. औपचारिक भाषणात माझी पसंती अशाच विनोदाला असते.

विनोद आधी कुणाला दाखवायचा असेल तर तो साहेबांच्या केबिनमध्ये नको. मी लेखनिकाला, हॉलवर खुर्च्या लावणाऱ्या मुलाला आणि एका गुजराती सभासद बाईंना वाचून दाखवला. कोण हसतं यापेक्षा कोण शेजारच्याकडे बघतं याकडे माझं लक्ष होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी अध्यक्षांनी ‘आता एक गंमत सांगतो’ म्हटलंच. मी मागे उभी राहून कपाळावर हात मारला. पण रेघेवर ते थांबले, बरोबर थांबले, आणि ‘अकरा’ म्हणाले. हशा पिकला. तो विरतो न विरतो तोच तिसऱ्या रांगेतून ऐंशीच्या घरातले एक निवृत्त रोखपाल काठी टेकत उठले आणि म्हणाले, “बारा! पैसे देताना व्हाउचरवर मी घ्यायचो ती कुठे गेली?”